सत्य मधोमध असतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"दोघांचंही थोडं थोडं बरोबर असणार" असं म्हणण्यात चूक काय?

चूक ही, की त्या वाक्यामागे पुरावा नसतो. दोन माणसं दोन गोष्टी सांगतात. त्या कशावरून सांगतात हे न पाहता आपण त्यांच्यामधली जागा पकडतो आणि तिलाच सत्य मानतो. याला मध्यममार्गाचा तर्कदोष म्हणतात.

एक साधं उदाहरण घ्या. एका भावाने दुसऱ्याकडून उसने पैसे घेतले होते. धाकटा म्हणतो, "दादा, मी सगळे परत दिले." थोरला म्हणतो, "एक पैसाही मिळाला नाही." घरातलं वडीलधारं माणूस दोघांना समोर बसवतं आणि सांगतं, "अर्धे दे आणि विषय संपव." भांडण मिटवायला हा तोडगा कदाचित चांगला असेल. पण "अर्धेच परत दिले होते" असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. पैसे दिले असतील तर सगळे दिले, नसतील तर काहीच नाही. दोघांच्या सांगण्यावरून पाहिलं तर नेमका मधला आकडाच सर्वांत कमी शक्यतेचा आहे. तोडगा म्हणून अर्धे ठरवणं आणि घडलं काय याचं उत्तर म्हणून अर्धे मानणं, ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकमेकांत मिसळली की पुढच्या वर्षी घरात सगळेच सांगू लागतात, "त्याने तेव्हा अर्धे बुडवले होते."

हे घरगुती भांडणांपुरतं ठीक आहे. अभ्यासू माणसं यात कशी फसतील?

फसतात, आणि दशकानुदशकं फसलेली राहतात. याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे पृथ्वीच्या वयाचा वाद. तो नीट पाहू, कारण हा दोष कसा काम करतो हे त्यात टप्प्याटप्प्याने दिसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूवैज्ञानिकांना काळाची टंचाई नव्हती. नद्या गाळ किती हळू साठवतात, कडे किती हळू झिजतात हे ते रोज पाहत होते आणि त्यावरून प्रचंड कालावधी गृहीत धरत होते. डार्विनने 1859 साली दक्षिण इंग्लंडमधल्या वील्ड खोऱ्याची झीज मोजून एवढ्याशा कामालाच सुमारे 30 कोटी वर्षं लागली असावीत असा हिशेब मांडला. त्यात झिजेचा वेग शतकाला एक इंच धरला होता. तो अंदाजच होता.

1862 साली विल्यम थॉमसन या भौतिकशास्त्रज्ञाने, म्हणजेच पुढच्या लॉर्ड केल्विनने, दुसऱ्या बाजूने गणित मांडलं. पृथ्वी सुरुवातीला वितळलेली होती आणि तेव्हापासून थंड होत आली आहे असं त्याने धरलं. खाणीत खोल उतरलं की तापमान वाढतं. दर 50 फुटांना साधारण एक अंश फॅरेनहाइट, असा त्याचा आकडा होता. पृथ्वी जितकी जुनी, तितकी पृष्ठभागाजवळची ही वाढ मंद असायला हवी. यावरून त्याचं उत्तर आलं सुमारे 10 कोटी वर्षं. माहितीतल्या अनिश्चिततेमुळे त्याने 2 कोटी ते 40 कोटी अशी मोकळीक ठेवली.

आता एका बाजूला "जवळजवळ अमर्याद काळ" म्हणणारे भूवैज्ञानिक होते आणि दुसऱ्या बाजूला काटेकोर समीकरण घेऊन उभा असलेला त्या काळचा सर्वांत मान्यवर भौतिकशास्त्रज्ञ. पुढच्या काही दशकांत अनेक भूवैज्ञानिक 10 कोटींच्या आसपास येऊन थांबले. एवढ्या काळात आपलं काम बसतं आणि भौतिकशास्त्रालाही ते चालतं, अशी ती जागा होती. गाळाच्या थरांची एकूण जाडी आणि गाळ साठण्याचा वेग हे दोन्ही आकडे त्या वेळी इतके सैल होते, की भागाकार 10 कोटींच्या जवळपास आणणं कठीण नव्हतं. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. आकडे सैल असले आणि कोणतं उत्तर सगळ्यांना पटेल हे आधीच ठाऊक असलं, की प्रामाणिक माणसाचाही हात तिकडेच वळतो.

1899 साली जॉन जोलीने समुद्रातल्या मिठावरून हिशेब केला. नद्या दर वर्षी किती सोडियम आणतात आणि समुद्रात आज किती आहे, याचा भागाकार. उत्तर आलं 8 ते 9 कोटी वर्षं. आता तीन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी येत असल्यासारखं दिसत होतं.

पृथ्वीचं वय आज सुमारे 455 कोटी वर्षं मानलं जातं. क्लेअर पॅटरसनने उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून 1956 साली हा आकडा दिला आणि तो टिकला. म्हणजे सगळ्यांना पटलेला आकडा चाळीसपटीहून अधिक चुकलेला होता. सत्य सगळे येऊन थांबले होते त्या जागेच्या जवळपासही नव्हतं, ते केल्विनने दिलेल्या मोकळिकीच्याही कितीतरी पलीकडे होतं.

मग केल्विन चुकला कुठे?

त्याच्या गणितात चूक नव्हती, चूक गृहीतकात होती. पृथ्वीचा अंतर्भाग घट्ट आहे आणि उष्णता आतून बाहेर फक्त वहनाने, म्हणजे घन पदार्थातून झिरपत येते, असं त्याने धरलं. 1895 साली त्याचाच एकेकाळचा सहायक जॉन पेरी याने दाखवलं की अंतर्भागातून उष्णता याहून सहज वर येत असेल, तर सगळा हिशेब पालटतो. खालून सतत उष्णता पुरवली जात राहिली तर पृष्ठभागाजवळची तापमानवाढ फार दीर्घकाळ तीव्र राहू शकते. मग वय 200 ते 300 कोटी वर्षंही निघू शकतं. आज आपल्याला माहीत आहे की प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातला खडक घन असूनही भूवैज्ञानिक कालमानात वाहतो.

पुष्कळ पुस्तकं केल्विनच्या चुकीचं खापर फक्त किरणोत्सर्गावर फोडतात. किरणोत्सर्गामुळे आत उष्णता निर्माण होते हे खरं. पण ती उष्णता केल्विनच्याच घट्ट पृथ्वीत मिळवली, तर उत्तर फारसं बदलत नाही, कारण खोलवरची उष्णता वर यायला त्यात वाटच नाही. मुख्य चूक पेरीने सांगितली तीच. किरणोत्सर्गाचा खरा उपयोग झाला तो घड्याळ म्हणून. 1907 साली बोल्टवुड या रसायनशास्त्रज्ञाने युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून खडकांची वयं काढली आणि ती 41 कोटींपासून 220 कोटींपर्यंत आली.

पेरीच्या म्हणण्याकडे त्या वेळी फार कमी लोकांनी लक्ष दिलं. तो त्या वेळी चर्चेत असलेल्या आकड्यांच्या मधे उभा नव्हता, त्या सगळ्यांच्या पलीकडे होता. त्यामुळे तो टोकाचा वाटला. मधली जागा शहाणपणाची असं मानलं की नेमका बरोबर असलेला माणूस असा बाजूला पडतो.

तिन्ही वाटा एकाच आकड्याकडे येत होत्या ना? तो पुरावा नव्हता का?

वाटा एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर असता. गाळाचा हिशेब केल्विनचा आकडा नजरेसमोर ठेवून जुळवता येण्याजोगा होता. जोलीच्या मिठाच्या हिशेबात समुद्रातून सोडियम बाहेर जात नाही असं धरलं होतं. प्रत्यक्षात ते गाळात आणि खडकांत परत जातं. त्यामुळे त्याने मोजलं ते समुद्राचं वय नव्हतं, सोडियमचा एक कण समुद्रात सरासरी किती काळ राहतो ते होतं. तो आकडा 10 कोटींजवळ पडला हा योगायोग.

म्हणून मतैक्य दिसलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: एकाचं उत्तर ठाऊक नसताना दुसऱ्याने आपलं उत्तर काढलं होतं का?

एका बाजूने भूमिका बदलली तर मध्य सरकतो. मग काय?

या दोषाची खूण इथेच सापडते. 1897 साली केल्विनने आपली मर्यादा आवळली आणि 2 ते 4 कोटी वर्षं, त्यातही 2 कोटींच्या जवळ, असं सांगितलं. भूवैज्ञानिकांच्या बाजूने खडकांत, जीवाश्मांत, गाळात काहीही बदललं नव्हतं. पण मधली जागा शोधणाऱ्याला आता 10 कोटींवरून आणखी खाली उतरावं लागलं असतं. या वेळी अनेक भूवैज्ञानिकांनी पाय रोवले. एवढ्या थोड्या काळात गाळाचे थर बसतच नाहीत, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. ही भूमिका पुराव्यावर उभी होती.

तुमच्या मनातलं उत्तर तपासायचं असेल तर हीच कसोटी वापरा. उद्या एका बाजूने आपला दावा दुप्पट ताणला, सोबत नवा पुरावा काहीच दिला नाही, तरी तुमचं उत्तर हललं, तर ते पुराव्यावर टेकलेलं नव्हतं. सौदेबाजीत मुरलेल्या लोकांना हे पक्कं माहीत असतं. समोरचा मधे येणार हे धरूनच ते टोकाचं बोलून सुरुवात करतात. मधला मार्ग निःपक्षपाती दिसतो, पण त्याची जागा जास्त ताणणारा माणूस ठरवत असतो.

आणि मध्य तरी एकच कुठे असतो? केल्विनच्या 2 आणि 40 कोटींचा मध्य बेरीज करून अर्धा केला तर 21 कोटी येतो. "किती पट" या मापाने काढला, म्हणजे दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलं, तर सुमारे 9 कोटी येतो. कुठला खरा मध्य, हे ते दोन आकडे सांगत नाहीत. त्यासाठी विषयच समजावा लागतो.

पण पाचामुखी परमेश्वर म्हणतात. अनेकांच्या अंदाजांची सरासरी अचूक येते ना?

येते, पण अट आहे. 1907 साली फ्रान्सिस गॉल्टनने एका जत्रेतल्या स्पर्धेची 787 तिकिटं तपासली. एका बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, याचा अंदाज लोकांनी लिहून दिला होता. क्रमाने लावल्यावर मधोमध आलेला अंदाज 1207 पौंड होता आणि खरं वजन 1198 पौंड. चूक एक टक्क्याहूनही कमी.

इथे मध्य का उपयोगी पडला? लोकांनी बैल डोळ्यांनी पाहिला होता. प्रत्येकाने चिठ्ठी स्वतंत्र लिहिली होती. कुणी जास्त बोललं, कुणी कमी, आणि चुका दोन्ही दिशांना पसरून एकमेकींना खोडत गेल्या. प्रत्येक चिठ्ठीत बैलाबद्दलची थोडीशी खरी माहिती होती.

दोन गटांच्या वादात असं घडत नाही. तिथे हजार माणसं असली तरी बहुतेक वेळा मतं दोनच असतात, कारण एका गटातले सगळे एकाच स्रोतावरून बोलत असतात. सगळ्यांची चूक एकाच दिशेची असेल तर सरासरी ती खोडत नाही, जपून ठेवते. 1890च्या दशकात सगळ्या मान्यवरांच्या अंदाजांची सरासरी काढली असती तरी 455 कोटी कधीच आले नसते. प्रावरण वाहतं ही माहिती जवळजवळ कुणाच्याच आकड्यात नव्हती.

कधी कधी सत्य खरोखर मधे निघतं ना?

हो, आणि ते मान्य केलंच पाहिजे. विश्व किती वेगाने प्रसरण पावतं हे सांगणारा हबल स्थिरांक घ्या. 1970 आणि 80च्या दशकांत अॅलन सँडेज यांचा गट 50च्या आसपास आकडा सांगत होता, तर जेरार द व्होकुलर 100च्या आसपास. (एकक आहे किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापारसेक.) वाद कडवा होता. 2001 साली हबल दुर्बिणीच्या मोठ्या प्रकल्पाचा अंतिम निकाल आला 72, त्रुटी 8. म्हणजे जवळजवळ मधोमध.

पण खगोलशास्त्रज्ञांनी 72 स्वीकारला तो 50 आणि 100च्या मधे आला म्हणून नव्हे. सेफीड नावाच्या ताऱ्यांचे ठोके, म्हणजे त्यांची चमक किती दिवसांनी कमी-जास्त होते, हे दूरच्या दीर्घिकांमध्ये मोजलं गेलं. त्यावरून अंतरं निघाली आणि अंतरांवरून स्थिरांक. 1985 साली कुणी "75 धरा" म्हणाला असता तर तो जवळपास बरोबर ठरला असता, पण त्याला तसं म्हणायला आधार नव्हता.

त्याच स्थिरांकाची आजची अवस्था पाहा. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रकाशावरून प्लँक उपग्रहाच्या माहितीने दिलेला आकडा 67.4, त्रुटी 0.5. सेफीड आणि अतिनवताऱ्यांच्या साहाय्याने एका गटाने 2022 साली दिलेला आकडा 73, त्रुटी सुमारे 1. सवयीने मध्य काढला तर 70.2 येतो. पण 70.2 हा प्लँकच्या आकड्यापासून त्याच्या त्रुटीच्या साडेपाच पटींहून अधिक दूर आहे आणि दुसऱ्या गटाच्या आकड्यापासून जवळपास तिप्पट. तो खरा असेल, तर दोन्ही मोजमापं एकाच वेळी, विरुद्ध दिशांना, मोठी चुकलेली असायला हवीत. हे अशक्य नाही. पण मधला पर्याय सौम्य वाटतो, आणि प्रत्यक्षात त्याला दोन मोठ्या चुका गृहीत धराव्या लागतात.

2019 साली तांबड्या महाकाय ताऱ्यांवरून केलेल्या मोजमापात 69.8 आला. तो मधे पडतो, आणि त्याला वजन आहे. ते वजन त्या ताऱ्यांच्या मोजमापाचं आहे. तोच आकडा कुणी टेबलावर बसून दोघांना खूश करायला काढला असता, तर त्याची किंमत शून्य.

मग तडजोड वाईट का?

अजिबात नाही. वाद कशाचा आहे हे आधी ओळखायचं. दोघांना एकच खोली हवी आहे, सुटी कुठे घालवायची ते ठरत नाही, कामाची वाटणी करायची आहे, असे वाद इच्छेचे आणि हिताचे असतात. तिथे उत्तर शोधायचं नसतं, ठरवायचं असतं, आणि थोडं तुझं थोडं माझं हा न्याय्य मार्ग आहे. वाद जगात काय आहे याचा असेल, तर जग आपल्या वाटाघाटीला बांधलेलं नाही.

बहुतेक वाद मिश्र असतात. त्यातला वस्तुस्थितीचा भाग वेगळा काढा, तो तपासा आणि मग उरलेल्या भागावर तडजोड करा. क्रम उलटला तर नुकसान होतं. 1998 साली गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा एक शोधनिबंध आला. 2010 साली तो मागे घेण्यात आला. मधल्या काळात अनेक पालकांना एक तोडगा समंजस वाटला: लस नाकारायची नाही, पण तीन लसी सुट्या आणि अंतराने द्यायच्या. सुट्या लसींनी काही धोका टळतो असा पुरावा नव्हता. दोन लसींमधल्या त्या काळात मूल असुरक्षित राहतं, हे मात्र नक्की होतं.

"टाळी एका हाताने वाजत नाही" हे तरी खरं ना?

काही भांडणांत खरं असतं. पण चौकशीच्या सुरुवातीलाच ते म्हटलं, तर चौकशी तिथेच संपते. एकाने दुसऱ्याला मारलं अशी तक्रार आली आणि ऐकणाऱ्याने आधीच दोघांना निम्मा निम्मा दोष वाटून टाकला, तर ज्याने काही केलं नाही त्याच्यावर निम्म्या दोषाचा अन्याय झाला, आणि ज्याने मारलं त्याला निम्मी सूट मिळाली. दोन्ही बाजू ऐकून घेणं हे कर्तव्यच आहे. ऐकून झाल्यावर निकाल शंभर आणि शून्य असा लागू शकतो, याची तयारी ठेवावी लागते.

मला खरं काय ते माहीतच नसेल, तर मधे राहणं नम्रपणाचं नाही का?

"मला माहीत नाही" आणि "सत्य मधे आहे" ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं विधान हा एक ठाम दावा आहे आणि त्यालाही पुरावा लागतो. खरी अनिश्चितता एका बिंदूवर बसत नाही, पसरलेली असते. उसन्या पैशांच्या भांडणात प्रामाणिक उत्तर असं असेल: "सगळे दिले असण्याची आणि काहीच न दिल्याची शक्यता मला सारखीच वाटते, अर्धे दिल्याची फारच कमी." यात नम्रपणा आहे, आणि पुढे काय शोधायचं तेही यातून कळतं: पावती, बँकेची नोंद, त्या दिवशी घरात कोण होतं.

निर्णय आजच घ्यायचा आहे आणि तपासायला वेळ नाही. मग तरी मध्य घ्यावा ना?

तेव्हाही मध्य आपोआप योग्य ठरत नाही. कुठल्या बाजूला चुकलं तर किती नुकसान, हे आधी पाहायचं. एक जुना पूल आहे. एक अभियंता म्हणतो, तो 20 टन पेलेल. दुसऱ्या अभियंत्याला आधाराच्या तुळईत गंज दिसला आहे आणि तो 10 टन म्हणतो. 15 टनांची पाटी लावणं दोघांचा मान राखतं. पण दुसऱ्याचं खरं असेल तर 15 टनांचा ट्रक पूल पाडेल. पहिल्याचं खरं असेल तर 10ची पाटी लावल्याने काही दिवस जड वाहनांना वळसा पडेल, एवढंच. त्यामुळे आज 10 टनांची पाटी लावायची, गंजलेल्या तुळईची जाडी ठिकठिकाणी मोजून घ्यायची, उरलेल्या जाडीवरून भारक्षमता पुन्हा काढायची. हिशेब 18 टन आला तर पाटी 18ची, 9 आला तर 9ची.